बोटीवरचा कचरा आणि मैलापाणी: मुंबईहून आखातात जाताना कुठे काय सोडता येतं

नवीन रुजू झालेल्या मुलाला बोटीवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "बारा मैलांच्या बाहेर गेलं की काहीही टाक." हे चुकीचं आहे, आणि यावर विश्वास ठेवून पकडले गेलेले लोक आहेत. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचं कचऱ्यासंबंधीचं पाचवं परिशिष्ट, म्हणजे बोटीवर ज्याला सगळे ॲनेक्स फाइव्ह म्हणतात ते, 1 जानेवारी 2013 पासून सुधारित रूपात लागू झालं. त्याआधी काय टाकायचं नाही याची यादी असायची. आता मुळात सगळंच टाकायला बंदी आहे आणि मोजक्या गोष्टींना अटींसह सूट आहे. म्हणून हातातली वस्तू त्या सुटीत बसते का, एवढंच तपासायचं. बसत नसेल, तर ती बंदरावर उतरेपर्यंत बोटीवरच राहते.

मैलापाण्याचे नियम वेगळे आहेत. ते चौथ्या परिशिष्टात येतात. तिथेही 3 आणि 12 मैल हेच आकडे दिसतात, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. आधी कचरा घेऊ, मग मैलापाणी. उदाहरण म्हणून न्हावा शेव्याहून आखाताकडे निघालेली, 22 जणांची एक मालवाहू बोट समोर ठेवू, कारण या एकाच प्रवासात जवळजवळ सगळे नियम भेटतात.

पहिलं पाऊल: गॅलीतच वेगळं करा

समुद्रात सोडायची सूट घरगुती कचऱ्यापैकी फक्त अन्नकचऱ्याला आहे: भाजीची सालं, उरलेला भात, खराब झालेली फळं, मासळीचे काटे. प्लास्टिक, कागद, काच, डबे, चिंध्या, पॅकिंगचं लाकूड, तळणीचं तेल, इन्सिनरेटरची राख, बॅटऱ्या, पेंटचे डबे यांपैकी काहीही समुद्रात जात नाही. किनारा कितीही लांब असला तरी नाही. तळणीच्या तेलाबद्दल नवे मेसमन हमखास फसतात. ते अन्नातूनच आलेलं असलं, तरी नियमात त्याचा वेगळा वर्ग आहे आणि ते ड्रममध्ये साठवून किनाऱ्यावरच द्यावं लागतं.

मिसळलेल्या कचऱ्याला त्यातल्या सर्वांत कडक वस्तूचा नियम लागतो. म्हणजे बादलीभर सालांत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा पडला, तर नियमाच्या दृष्टीने ती अख्खी बादली प्लास्टिकची. आणि हे कोपरे पडतातच. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, केळ्यावरचा आणि सफरचंदावरचा गोल स्टिकर, टी-बॅग, सॉसची पुडी, पनीरवरचं पातळ आवरण अशा वस्तू बादलीत नजरेतून सुटतात. यावर उपाय बादलीत हात घालून शोधण्याचा नाही, तो आधीचा आहे. भाजी चिरायला घ्यायच्या आधीच रबर, स्टिकर, पिशवी काढून लाल डब्यात टाकायची आणि मगच सुरी हातात घ्यायची. चीफ कुकने ही सवय लावली की पुढचं निम्मं काम होतं. लाल डबा हे फक्त उदाहरण. डब्यांचे रंग बोटीगणिक बदलतात, म्हणून रंग न बघता डब्यावरची पाटी वाचा. प्रवासी जेवणघरातल्या बशा गोळा करणाऱ्यालाही हेच सांगून ठेवा, कारण टिश्यू आणि टूथपिकची वेष्टणं तिथूनच येतात.

दुसरं पाऊल: बोट कुठे आहे, ते ब्रिजला विचारा

मारपोलने काही समुद्रांसाठी जास्त कडक नियम ठेवले आहेत, त्यांना खास क्षेत्र म्हणतात. खास क्षेत्राबाहेर अन्नकचऱ्याचे दोन आकडे आहेत. क्रशरमधून बारीक केलेला, 25 मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेल्या जाळीतून जाईल इतका बारीक अन्नकचरा, जवळच्या जमिनीपासून किमान 3 सागरी मैलांवर सोडता येतो. न दळलेला असेल तर किमान 12 सागरी मैल. सागरी मैल 1852 मीटरचा असतो, म्हणजे 3 मैल साडेपाच किलोमीटर आणि 12 मैल सुमारे 22 किलोमीटर.

इथे खरी मेख "जवळची जमीन" या शब्दांत आहे. ही जमीन म्हणजे डोळ्यांना दिसणारा किनारा नव्हे आणि रडारवर दिसणारी कडाही नव्हे. देशाचा प्रादेशिक समुद्र ज्या आधाररेषेपासून मोजतात, ती रेषा म्हणजे जमीन. जिथे किनारा दंतुर आहे किंवा खाडीचं तोंड रुंद आहे, तिथे ही रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ ओढलेली असते. भारताने 2009 मध्ये आपल्या आधाररेषेचे बिंदू जाहीर केले. त्यामुळे किनारा 14 मैलांवर दिसतोय आणि तरी तुम्ही नियमाने 12 मैलांच्या आत आहात, असं होऊ शकतं. यावर एक व्यावहारिक मार्ग आहे. कागदी नकाशावर किंवा एक्डिसवर, म्हणजे ब्रिजवरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, भारताच्या प्रादेशिक समुद्राची हद्द आखलेली असते. ती आधाररेषेपासून 12 मैलांवरच असते. ती ओलांडली की भारताच्या बाजूने 12 मैल पूर्ण झाले. मग शेजारच्या देशाची अशीच हद्द आणि वाटेतली बेटं बघायची. बेटालाही किनारा असतो हे विसरू नका. लक्षद्वीपच्या बाजूने जाणाऱ्या बोटींवर नेमका याचाच विसर पडतो.

हे सगळं गॅलीत बसून कळत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: टाकायच्या आधी ब्रिजवर फोन, आणि ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने वेळ आणि ठिकाण सांगून "हो" म्हटल्यावरच टाकणं. "काल याच वेळेला टाकलं होतं" हे कारण चालत नाही. काल बोट वेगळ्या ठिकाणी होती.

तिसरं पाऊल: बोट चालू आहे का?

अंतर पुरेसं असलं तरी बोट मार्गावर चालत असली पाहिजे. नियमाचा उद्देश असा की सोडलेलं एका जागी न साचता मोठ्या पाण्यात पसरावं. नांगर टाकून उभी असलेली बोट किंवा इंजिन बंद करून वाहत राहिलेली बोट मार्गावर चालणारी नाही. मुंबईबाहेर नांगरावर चार दिवस धक्क्याची वाट पाहत थांबलात, तर चार दिवसांचा अन्नकचरा बोटीवरच राहणार. त्यासाठी झाकणाचे घट्ट डबे आणि शक्य असेल तर थंड जागा आधीच ठेवावी लागते. उन्हाळ्यात उघड्या बादलीला दुसऱ्याच दिवशी वास आणि माश्या येतात. मग कुणीतरी अंधारात ती रिकामी करतं. बहुतेक उल्लंघनं अशीच, दुर्लक्षातून होतात.

मुंबईजवळ आणखी एक गोष्ट पाहा. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हायचे तेल-प्लॅटफॉर्म आहेत. प्लॅटफॉर्मवर, त्याला लागून आणि त्याच्यापासून 500 मीटरच्या आत असलेल्या बोटींवर कचरा टाकायला बंदी आहे. अपवाद फक्त दळलेल्या अन्नकचऱ्याला, तोही प्लॅटफॉर्म जमिनीपासून 12 मैलांपेक्षा लांब असेल तरच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मुलं या भागातल्या सप्लाय बोटींवर असतात, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. समुद्रात दीडशे किलोमीटर आत आहोत म्हणून न दळलेलं टाकून चालेल, असं प्लॅटफॉर्मजवळ अजिबात नाही.

प्रवास सुरू

आपली बोट दुपारी पायलट उतरवून निघाली, तेलक्षेत्राला वळसा घालून पश्चिमेकडे लागली. पहिले काही तास काहीही टाकायचं नाही. 3 मैल ओलांडले की दळलेलं सोडता येतं, पण "शक्य तितकं लांब" ही सूचनाही नियमात आहे, म्हणून समंजस चीफ ऑफिसर 3 मैलांच्या रेषेवर घाई करत नाही. रात्री साडेआठला, 18°40' उत्तर 71°10' पूर्वच्या आसपास, ब्रिज परवानगी देतं. दोन बादल्या मिळून 50 लिटर, म्हणजे 0.05 घनमीटर. अन्नकचऱ्याचा वर्ग "बी", म्हणून गार्बेज रेकॉर्ड बुकात नोंद: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वर्ग बी, 0.05 घनमीटर, समुद्रात सोडलं, आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही. पान भरलं की कप्तानाची सही. नोंद त्याच वेळी करायची. आठवड्याने बसून सात नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिल्या, तर तपासणारा माणूस ते पान उलटायच्या आत ओळखतो.

हे पुस्तक पूर्वी 400 टन आणि त्यावरच्या बोटींना बंधनकारक होतं. 1 मे 2024 पासून ही मर्यादा 100 ग्रॉस टनांवर आली आहे, त्यामुळे परदेशी बंदरात जाणाऱ्या लहान बोटींवरही आता ते लागतं. शेवटच्या नोंदीनंतर दोन वर्षं ते बोटीवर जपून ठेवावं लागतं.

आता आखात. ओमानचं रास अल हद्द आणि इराणचं रास अल फस्तेह यांना जोडणारी एक रेषा आहे. तिच्या वायव्येला सगळं खास क्षेत्र आहे. नुसतं होर्मुझच्या आतलं पाणी नव्हे, बाहेरचा ओमानचा आखातही त्यात येतो. हे बऱ्याच नवख्यांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं खास क्षेत्र होर्मुझनंतर सुरू होतं, आणि फुजैराच्या वाटेवर ते बादली रिकामी करतात. रेषेच्या आत न दळलेलं अन्न अजिबात चालत नाही. दळलेलंही 12 मैलांच्या बाहेर, बोट चालू असताना. क्रशर बंद पडला असेल, तर या भागात अन्नकचऱ्याला समुद्राचं दार बंदच.

होर्मुझची सामुद्रधुनी तिच्या अरुंद जागी सुमारे 21 मैल रुंद आहे. मध्यभागी उभे राहिलात तरी एका बाजूचा किनारा साडेदहा मैलांवर येतो. म्हणजे तिथे 12 मैलांची अट पूर्ण होईल असा एकही बिंदू नाही. आत गेल्यावरही बेटं विखुरलेली आहेत. म्हणून मी नेहमी सांगतो की रेषा ओलांडायच्या आधी, मोकळ्या अरबी समुद्रात असताना, अन्नकचऱ्याचे डबे रिकामे करा, आणि पुढचा सगळा कचरा किनाऱ्यावर उतरवण्याची तयारी ठेवा. ब्रिजवर प्रवासाचा आराखडा करतानाच या रेषेवर एक सूचना टाकून ठेवली, की गॅलीला आदल्या दिवशी सांगता येतं. तांबड्या समुद्रातही 1 जानेवारी 2025 पासून कचऱ्याचे असेच खास नियम लागू झाले आहेत, तेव्हा सुएझकडे जाणाऱ्यांनी जुन्या आठवणींवर विसंबू नये.

मैलापाणी: टाकी, प्लांट आणि वेग

मैलापाणी म्हणजे शौचालयाचं आणि मुतारीचं पाणी, दवाखान्यातल्या बेसिनचं पाणी, जिवंत जनावरं ठेवलेल्या जागेचं पाणी. न्हाणीघराचं आणि गॅलीच्या सिंकचं पाणी या परिशिष्टात येत नाही, पण ते मैलापाण्यात मिसळलं की सगळंच मैलापाणी ठरतं. नियम 400 टन आणि त्यावरच्या किंवा 15 पेक्षा जास्त माणसांचा परवाना असलेल्या, परदेशी प्रवास करणाऱ्या बोटींना लागतात.

सोडण्याचे तीन मार्ग आहेत. मैलापाणी शुद्ध करणारा मान्यताप्राप्त प्लांट, म्हणजे एसटीपी, नीट चालत असेल, तर मारपोलच्या दृष्टीने ते कुठेही सोडता येतं, पण पाण्यावर तरंगणारे गोळे दिसता कामा नयेत आणि आजूबाजूच्या पाण्याचा रंग बदलता कामा नये. मान्यताप्राप्त यंत्रणेने बारीक करून जंतुनाशक केलेलं पाणी 3 मैलांपलीकडे. काहीच न केलेलं 12 मैलांपलीकडे. बंदराचे स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. काही बंदरांत एसटीपीचं शुद्ध पाणीसुद्धा टाकीत धरून ठेवावं लागतं, म्हणून बंदर यायच्या आधी एजंटला लेखी विचारा. कचऱ्यासाठी आखात खास क्षेत्र असलं, तरी मैलापाण्यासाठी चौथ्या परिशिष्टात एकच खास क्षेत्र आहे, बाल्टिक, तेही प्रवासी बोटींसाठी. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवू नका.

साठवण टाकीतलं मैलापाणी सोडताना आणखी दोन अटी येतात: बोट मार्गावर किमान 4 नॉट वेगाने चालत असली पाहिजे, आणि टाकी एकदम न ओतता मर्यादित दराने सोडली पाहिजे. न शुद्ध केलेल्या पाण्यासाठी हा दर सूत्राने ठरतो:

```
DRmax = 0.00926 × V × D × B
```

`V` म्हणजे वेग नॉटमध्ये, `D` खोली म्हणजे ड्राफ्ट मीटरमध्ये, `B` रुंदी मीटरमध्ये, आणि उत्तर ताशी घनमीटरमध्ये. बोट जितकं पाणी कापत पुढे जाते, त्याच्या दोन लाखाव्या भागापेक्षा जास्त मैलापाणी सोडायचं नाही, हा त्यामागचा हिशेब.

आपली बोट 32 मीटर रुंद, ड्राफ्ट 10 मीटर, वेग 12 नॉट. 0.00926 × 12 × 10 × 32 केलं की सुमारे 35.6 घनमीटर ताशी येतात. टाकीच्या पंपाची क्षमता ताशी 20 घनमीटर, म्हणजे काही अडचण नाही. 15 घनमीटरची टाकी पाऊण तासात रिकामी होते. आता तीच बोट पुढची वाट मोकळी होण्यासाठी 5 नॉटवर आली. दर उतरतो 14.8 वर. पंप तोच, 20. आता तुम्ही मर्यादेच्या वर आहात, आणि पंप चालवणाऱ्याला हे कळत नाही कारण इंजिन रूममध्ये काहीच बदललेलं नाही. एखाद्या तासात मर्यादेच्या 20 टक्के वर जायची मुभा आहे, पण एकूण सरासरी मर्यादेतच हवी, आणि 20 हा आकडा त्या मुभेतही बसत नाही. म्हणून वेग कमी करायच्या आधी ब्रिजने इंजिन रूमला कळवणं ही पद्धत हवी. बोटीवर दर-वेग-ड्राफ्टचं मंजूर कोष्टक असतं. ते पंपाजवळ लावलेलं आहे का, ते पहिल्या दिवशीच बघा.

प्लॅटफॉर्मजवळ एका जागी उभ्या राहणाऱ्या सप्लाय बोटींची अडचण इथेच आहे. जमीन कितीही लांब असो, वेग 4 नॉट नाही, म्हणून टाकी सोडता येत नाही. त्यांचा सगळा भार एसटीपीवर असतो.

एसटीपी आजारी आहे हे कसं ओळखायचं

जैविक पद्धतीच्या प्लांटमध्ये हवेवर जगणारे जिवाणू मैल्याचं विघटन करतात. ते मेले की प्लांट म्हणजे नुसती टाकी. त्यांना मारणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, शौचालयात ओतलेलं ब्लीच आणि तीव्र ॲसिड. दुसरी, बंद पडलेला ब्लोअर. म्हणून केबिन साफ करणाऱ्यांना प्लांटला चालेल असंच क्लीनर द्या आणि बाकीचं कुलपात ठेवा.

हवेच्या कप्प्यातलं पाणी चॉकलेटी तपकिरी आणि ओल्या मातीच्या वासाचं असेल, तर प्लांट तंदुरुस्त आहे. काळं पडलं आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा पोचत नाही. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो वायू जीव घेतो. तीव्रता वाढली की वास जाणवणंच बंद होतं, म्हणून टाकीचं झाकण एकट्याने, गॅस न मोजता उघडू नका. गाळ परतीच्या पारदर्शक नळीतून तपकिरी पाणी वाहताना दिसलं पाहिजे. तिथे स्वच्छ पाणी किंवा काहीच हालचाल नसेल, तर नळी तुंबली आहे. क्लोरिनच्या गोळ्यांची नळी रिकामी आहे का, तेही बघा. तपासनीस हीच नळी आधी उघडतो.

तपासणीला काय जुळवून पाहतात

बंदरावरचे तपासनीस रेकॉर्ड बुकातली ठिकाणं एक्डिसच्या नोंदींशी आणि डेक लॉगशी ताडून पाहतात. रात्री नऊला "समुद्रात सोडलं" अशी नोंद असेल आणि लॉगमध्ये त्या वेळी बोट नांगरावर असेल, तर पुढची चर्चा अवघड होते. दुसरं, बेरीज. 22 माणसांनी महिनाभरात प्लास्टिक केलं नाही असं होऊ शकत नाही. पुस्तकात प्लास्टिक किनाऱ्यावर दिल्याची एकही नोंद नसेल आणि डबेही रिकामे असतील, तर ते कुठे गेलं, हा प्रश्न येणारच. भारतात येणाऱ्या बोटींवर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर नौवहन महासंचालनालयाचे निर्बंधही आहेत, तेव्हा मुंबईत उतरताना स्टोअरमधले थर्माकोलचे कप आणि पातळ पिशव्यांची यादी आधीच तयार ठेवा.

कचरा किनाऱ्यावर देताना पावतीवर घनमीटर आणि वर्ग नीट लिहून घ्या. ठेकेदार बहुतेक वेळा "मिश्र कचरा" असं लिहून मोकळा होतो. तुम्ही प्लास्टिक, चिंध्या, तळणीचं तेल, बॅटऱ्या वेगवेगळे दिलेत, तर पावतीही वेगवेगळी मागा आणि पुस्तकातल्या नोंदीतले आकडे पावतीशी तंतोतंत जुळवा. पावती घेतल्याशिवाय ठेकेदाराची होडी बाजूची सुटू देऊ नका, कारण नंतर ती मिळत नाही.